पंचविसावा हप्ता किती, ते आधी कळू द्या
भारतीय रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



गृहकर्ज घेणारी कुटुंबे सही करण्याआधी कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना हिशेब मांडून देतो. मी नाशिकमध्ये हे काम करतो. अलीकडे या कागदांमध्ये एका प्रकारची कर्जे पुन्हा दिसू लागली आहेत. पहिली दोन वर्षे कमी आणि स्थिर व्याजदर, त्यानंतर बाजाराप्रमाणे बदलणारा, चढा दर. जाहिरातीत ठळक असतो तो पहिला दर, आणि हप्ताही त्याच दराचा सांगतात. दोन वर्षांनंतरचा हप्ता रुपयांत किती होईल, हे घर घेणाऱ्याला बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. तो आकडा पहिल्याच पानावर छापायला लावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

एक कर्ज घेऊन सगळा हिशेब दाखवतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात आणि दोघांचे मिळून हातात ७२,००० रुपये येतात. कर्ज ४० लाखांचे, मुदत २० वर्षे. पहिले २४ महिने दर ७.५ टक्के. पुढे बदलता दर, आणि आजच्या तारखेला तो ९.२५ टक्के भरतो. डीएसएने, म्हणजे कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटने, एकच आकडा सांगितला होता: महिन्याला ३२,२२४ रुपये.

दोन वर्षांत हे कुटुंब ७ लाख ७३ हजार रुपये भरते. त्यातले मुद्दलात जातात फक्त १ लाख ८६ हजार, बाकी सगळे व्याज. वीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीचे हप्ते असेच व्याजाने भरलेले असतात आणि त्यात कोणाची लबाडी नाही. पण त्यामुळे होते असे की चढा दर लागू होतो तेव्हा तो जवळजवळ अख्ख्या कर्जावर लागू होतो. पंचविसाव्या महिन्यात शिल्लक असते ३८ लाख १३ हजार ६०० रुपयांच्या आसपास. उरलेल्या २१६ महिन्यांत हे कर्ज ९.२५ टक्क्यांनी फेडायचे तर हप्ता होतो ३६,३१० रुपये. महिन्याला ४,०८६ रुपयांची वाढ, म्हणजे जवळजवळ १३ टक्के.

ऐकणाऱ्याला ‘पावणेदोन टक्के वाढ’ किरकोळ वाटते, कारण टक्क्यातला फरक तो टक्क्यातच ऐकतो. साडेसातावर पावणेदोन वाढले की व्याजाचा भाव सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेला असतो. चोविसाव्या हप्त्यात व्याज होते सुमारे २३,९०० रुपये. पंचविसाव्यात ते २९,४०० होते. हप्ता चार हजारांनी वाढवूनही त्या महिन्यात मुद्दलात जाणारी रक्कम आधीपेक्षा कमीच असते. जास्त भरायचे आणि कर्ज मात्र आधीपेक्षा सावकाश उतरताना पाहायचे, हे त्या कुटुंबाला समजावून सांगताना माझी फार ओढाताण होते.

हा हिशेब बाजारातला दर जागच्या जागी राहील असे धरून केलेला आहे. त्या दोन वर्षांत तो एका टक्क्याने वर गेला तर पंचविसाव्या महिन्यापासून दर असेल १०.२५ टक्के आणि हप्ता ३८,७४५ रुपये. सुरुवातीच्या हप्त्यापेक्षा साडेसहा हजार जास्त, म्हणजे २० टक्क्यांची उडी. असे होणे दुर्मीळ नाही. एप्रिल २००९ मध्ये ४.७५ टक्के असलेला आपला रेपो दर ऑक्टोबर २०११ मध्ये ८.५ टक्के झाला होता. अडीच वर्षांत पावणेचार टक्के. दोन वर्षांच्या सवलतीचे कर्ज घेणारा माणूस व्याजदराच्या एका चढावाच्या पायथ्याशी सही करतो आणि माथ्यावर त्याचा दर बदलतो, असे याच देशात घडलेले आहे.

आता मुदतीचा प्रश्न. दर वाढला की अनेक संस्था हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत लांबवतात. कर्जदाराला ते सोयीचे वाटते, कारण खात्यातून कापली जाणारी रक्कम बदलत नाही. आपल्या उदाहरणात ३२,२२४ चाच हप्ता ठेवून ९.२५ टक्क्यांनी कर्ज फेडायचे तर उरलेले २१६ महिने ३१७ महिने होतात. साडेआठ वर्षांच्या आसपास जास्त. हप्ता वाढवला असता तर उरलेल्या काळात एकूण जेवढे भरले गेले असते, त्यापेक्षा २३ लाख ७० हजार रुपये अधिक भरावे लागतात. पस्तिसाव्या वर्षी कर्ज घेतलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी मोकळा होणार होता, तो आता निवृत्तीनंतरही हप्ते भरत राहतो. आणि दर १०.२५ झाला तर मुदत लांबवण्याचा मार्गच बंद होतो, कारण एका महिन्याचे व्याजच ३२,५७४ रुपये होते, जुन्या हप्त्यापेक्षा जास्त. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज दर महिन्याला वाढत जाईल. मुदत लांबवताना असे होता कामा नये, हे आपल्याच १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितले आहे. त्यामुळे अशा वेळी हप्ता वाढवण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि नेमके तेव्हाच कुटुंबाला पहिल्यांदा खरा आकडा कळतो.

आता मी मूळ तक्रारीकडे येतो. या जोडप्याला ४० लाख मिळालेच कसे? कर्ज देणारी संस्था उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापर्यंतच हप्ता मंजूर करते. या प्रकरणात ती मर्यादा ४५ टक्के होती, म्हणजे ३२,४०० रुपये. सवलतीच्या दराचा ३२,२२४ चा हप्ता त्यात जेमतेम बसतो. पात्रता ९.२५ टक्क्यांवर मोजली असती तर ३२,४०० रुपयांच्या हप्त्यात सुमारे ३५ लाख ३८ हजारच बसले असते. दोन वर्षे टिकणाऱ्या दराच्या आधारावर वीस वर्षांसाठी साडेचार लाखांहून अधिक कर्ज जास्त दिले गेले. पंचविसाव्या महिन्यात, पगार तेवढाच असेल तर, हप्ता उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जातो, आणि बाजारदर एका टक्क्याने वाढला असेल तर ५४ टक्क्यांच्या जवळ. ज्या मर्यादेच्या पलीकडे कर्ज देणे त्या संस्थेला स्वतःलाच धोक्याचे वाटते, ती मर्यादा तिच्याच करारानुसार ठरलेल्या तारखेला ओलांडली जाणार असते.

दोन वर्षांत पगार वाढतोच, असे उत्तर मला नेहमी मिळते. अनेकांचा वाढतो, आणि त्यांचे निभावते. पण पगार वाढेल हे करारात लिहिलेले नसते, दर वाढेल हे मात्र लिहिलेले असते. शिवाय नव्या घरातल्या पहिल्या दोन वर्षांतच मूल होते, दोघांपैकी एकाची नोकरी काही काळ थांबते, सोसायटीचा देखभाल खर्च सुरू होतो. हे सगळे बहुतेक घरांत त्याच चोवीस महिन्यांत येते.

सुरुवातीची सवलत काही जणांना खरोखर फायद्याची ठरते, हेही मान्य करतो. ज्याचे जुने घर विकून वर्ष-दीड वर्षात मोठी रक्कम येणार आहे, किंवा जो लवकर कर्ज फेडणार आहे, त्याने कमी दर जरूर घ्यावा. त्यानेही एक गोष्ट तपासावी. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचे शुल्क वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही, पण स्थिर दराच्या टप्प्यात ते लागू शकते. आपल्या २०२५ च्या निर्देशांनुसार अशा दुहेरी दराच्या कर्जात फेडीच्या दिवशी कर्ज कोणत्या टप्प्यात आहे, यावर ते ठरते. पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येईल, असे एजंट सांगतो. नेता येते, पण तिथे पुन्हा प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणी, घराचे मूल्यांकन, गहाणाचे मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंदणी असते. शिवाय नवी बँक पात्रता मोजेल ती आजच्या दराने. जे कुटुंब वाढलेल्या हप्त्याने आधीच ओढले गेले आहे, त्याला ती दारात उभी करेलच असे नाही.

साध्या कर्जाशी तुलना केली की किंमत स्पष्ट दिसते. त्याच कुटुंबाला पहिल्या दिवसापासून ८.५ टक्क्यांचे साधे बदलत्या दराचे कर्ज मिळू शकत होते, असे धरू. त्याचा हप्ता ३४,७१३ रुपये. सवलतीच्या कर्जाने दोन वर्षांत मिळून वाचतात ६० हजारांच्या आत. नंतर दर महिन्याला सुमारे १,६०० रुपये जास्त जातात, ते अठरा वर्षे. म्हणजे ३ लाख ४५ हजार. दर बदलल्यापासून तीन वर्षांच्या थोड्या पुढे सुरुवातीची सगळी बचत संपते. हा हिशेब करायला शाळेतले गणित पुरते. पण त्यासाठी दुसरा दर आणि दुसरा हप्ता समोर असावा लागतो.

ही गोष्ट रिझर्व्ह बँकेने एकदा अगदी नेमकी ओळखली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये स्टेट बँकेने पहिल्या वर्षी ८ टक्क्यांचे गृहकर्ज आणले आणि पाठोपाठ इतरही त्या स्पर्धेत उतरले. २ नोव्हेंबर २०१० च्या पतधोरण आढाव्यात रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांवरची तरतूद ०.४० टक्क्यावरून २ टक्क्यांवर नेली आणि दर बदलल्यानंतर एक वर्ष कर्ज नीट चालले तरच ती पुन्हा खाली येईल, असे ठरवले. त्यामागचे कारणही सांगितले होते: चढा दर सुरू झाल्यावर काही कर्जदारांना हप्ते जड जातील, आणि अनेक बँका कर्ज देताना नेहमीच्या दराने फेडण्याची ऐपत तपासतच नाहीत. पुढच्या वर्षी स्टेट बँकेने ती योजना बंद केली. निदान अचूक होते. पण उपाय बँकेच्या ताळेबंदावर झाला, कर्जदाराच्या हातातल्या कागदावर नाही. तरतूद वाढल्याने बँकेला कर्ज महाग पडले. घर घेणाऱ्याला त्याचा पुढचा हप्ता मात्र तेव्हाही कोणी दाखवला नाही.

अमेरिकेने याची फार मोठी किंमत मोजली. तिथे कमकुवत पत असलेल्यांना सर्रास दिली गेलेली कर्जे होती ‘२/२८’ या नावाची. दोन वर्षे ठरलेला दर, पुढची २८ वर्षे सहा महिन्यांच्या लायबॉर दरावर सुमारे सहा टक्के जोडून येणारा दर. जून २००४ मध्ये १ टक्का असलेला फेडचा दर जून २००६ मध्ये ५.२५ टक्के होता. दर बदलायच्या आधी नवे कर्ज घेऊन जुने फेडायचे, यावर सगळी मांडणी उभी होती आणि घरांच्या किमती चढत होत्या तोवर ती चालली. किमती उतरल्या आणि ती वाट बंद झाली. एक बारकावा मात्र विसरू नये. नंतरच्या अभ्यासांत दिसले की यातली बरीच कर्जे दर बदलण्याआधीच थकली होती. म्हणजे उडी हे एकच कारण नव्हते. सुरुवातीचा हप्ताही ज्यांना झेपत नव्हता, त्यांना कर्ज दिले गेले होते. पात्रतेची मोजणी हा म्हणूनच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

तिथल्या नियामकांनी २००७ मध्ये सांगितले की ऐपत तपासायची ती सवलतीनंतरच्या पूर्ण दराने. जानेवारी २०१४ पासून तो बंधनकारक नियम झाला. कर्जाच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर तिथे आज वर्षांप्रमाणे रकाने असतात: या वर्षापासून या वर्षापर्यंत हप्ता इतका, पुढे इतका किंवा जास्तीत जास्त इतका. आणि पहिल्यांदा दर बदलताना नव्या हप्त्याच्या तारखेआधी सात-आठ महिने कर्जदाराला लेखी सूचना जाते, जुन्या आणि नव्या हप्त्यासह.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावे लागते, तेही कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत. हा निर्णय फार चांगला आहे आणि त्याचा उपयोग मी रोज पाहतो. त्या नमुन्यात दर स्थिर, बदलता की मिश्र, हे लिहायला जागा आहे. बदलत्या दरासाठी संदर्भ दर, त्यावरचा स्प्रेड आणि संदर्भ दर पाव टक्क्याने हलला तर हप्ता किती बदलेल, हेही लिहावे लागते. आपल्या उदाहरणात तो बदल येतो ६०० रुपयांच्या आसपास. कर्जदार तो आकडा वाचतो आणि सर्वांत वाईट काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधतो. खरी उडी चार हजारांची आहे. बाजारदर अजिबात न हलताही ती येणार आहे, कारण ती करारातच आहे. म्हणजे जे कदाचित घडेल ते नमुन्यात छापले जाते, आणि जे नक्की घडणार आहे त्याला मात्र रकानाच नाही. सोबत जोडलेल्या हप्त्यांच्या तक्त्यात तरी ते दिसायला हवे. पण माझ्याकडे आलेल्या काही कागदांत २४० च्या २४० ओळींत ३२ हजारांचा एकच हप्ता छापलेला होता. कर्जदाराने त्यावर सही केलेली असते आणि वाद झाला की तीच सही त्याच्याविरुद्ध उभी राहते.

गृहवित्त कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटमधून काही सूट वजा करून येतो, आणि तो प्राइम दर कंपनीच ठरवते. त्यामुळे दोन वर्षांनी नेमके काय होणार याचा अंदाज कर्जदाराला वर्तमानपत्रातल्या रेपोच्या बातमीवरूनही बांधता येत नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. दुहेरी दराच्या प्रत्येक कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, पहिल्याच पानावर, सारख्याच आकाराच्या अक्षरांत तीन हप्ते छापले जावेत. सवलतीच्या काळातला हप्ता, सवलत संपल्यावर आजच्या पूर्ण दराने येणारा हप्ता, आणि त्या दरात एक टक्का वाढल्यास येणारा हप्ता. आमच्या उदाहरणात ३२,२२४, ३६,३१० आणि ३८,७४५. त्याखाली एक ओळ: कितव्या महिन्यापासून. गृहवित्त कंपन्या स्वतःचा प्राइम दर वापरत असतील, तर मागच्या पाच वर्षांत तो कधी आणि किती बदलला, तेही त्याच पानावर असावे.

दुसरे म्हणजे, पात्रता पूर्ण दराने मोजणे बंधनकारक करावे. संदर्भ दर वाढला तर हप्ता वाढवायला वाव राहील एवढे उत्पन्न आहे का, हे बघायला आपण २०२३ मध्येच सांगितले आहे. जी वाढ करारातच ठरलेली आहे, तिच्यासाठी तेवढीच तपासणी का नसावी? त्यामुळे काही कुटुंबांना ४० ऐवजी ३५ लाखच मिळतील, बिल्डरांची विक्री थोडी मंदावेल आणि त्याविरुद्ध आपल्याकडे निवेदने येतील. त्या कुटुंबांना थोडे लहान किंवा थोडे लांबचे घर घ्यावे लागेल, याचे मलाही वाईट वाटते. पण तो निर्णय घर घेण्याआधी करता येतो. पंचविसाव्या महिन्यात करता येत नाही.

तिसरी मागणी सूचनेची आहे. दर बदलण्याच्या किमान सहा महिने आधी कर्जदाराला त्याच्या भाषेत पत्र जावे, आणि त्यात नवा हप्ता, मुदत तशीच ठेवली तर काय, मुदत वाढवली तर किती महिने वाढतील आणि एकूण किती रुपये जास्त जातील, हे लिहिलेले असावे. पर्याय निवडण्याचा हक्क २०२३ च्या परिपत्रकाने दिला आहे. पण कर्जदाराने उत्तर दिले नाही तर संस्थेने परस्पर मुदत लांबवू नये. आज उत्तर न देणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याला प्रश्नच समजलेला नसतो. सहा महिने हातात असले तर तो थोडी रक्कम आगाऊ भरू शकतो, दर कमी करून घेण्यासाठी संस्थेकडे रूपांतरण शुल्काची चौकशी करू शकतो किंवा दुसऱ्या बँकेत अर्ज करू शकतो. पंचविसावा हप्ता कापला गेल्यावर मिळालेल्या एसएमएसने यातले काहीच होत नाही.

हा बदल करायला नवा कायदा लागत नाही. नमुना आपला आहे, परिपत्रक आपले आहे, आणि २०१० मधले निदानही आपल्याच संस्थेचे आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास मी अशा कर्जांचे हिशेब, कर्जदारांची नावे काढून, पाठवायला तयार आहे.

आपला,
गृहकर्जाचे हिशेब पाहणारा एक सल्लागार, नाशिक